एक्स्टर्नल ड्राइव्ह यूएसबी थ्रीची, पण चालतेय टूच्या स्पीडने: केबल, पोर्ट, हब कसं तपासायचं

लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा डेटा सांभाळायचं काम करतो मी, सीझनमध्ये रोज चार-पाच लोकांच्या ड्राइव्ह टेबलावर येतात, आणि त्यातल्या एखाद्या तरी ड्राइव्हची हीच रड असते. ड्राइव्ह चालू असते, फोल्डर उघडतात, फोटो दिसतात, सगळं बरोबर, फक्त कॉपी लावली की काटा ३५-३६ एमबीवर जाऊन बसतो आणि हलत नाही. लोकांना वाटतं ड्राइव्ह म्हातारी झाली, नवीन घ्यायला निघतात. बहुतेक वेळा ड्राइव्हला काहीच झालेलं नसतं, मधल्या कुठल्यातरी वायरने दगा दिलेला असतो.

लक्षणं आधी बघा. साधी अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क यूएसबी थ्रीवर असली की मोठी व्हिडिओ फाइल सेकंदाला १०० ते १३० एमबीच्या आसपास जाते, एसएसडी असली तर ४०० च्या घरात. टूवर आली की दोन्ही सारख्याच होतात, ३० ते ४० एमबी, त्याच्या वर जातच नाही. हा सपाटपणा महत्त्वाचा. डिस्क खराब असेल किंवा बारीक फाइली असतील तर स्पीड वरखाली उड्या मारतो, कधी ८०, कधी ५, मध्येच शून्य. एकच चारपाच जीबीची फाइल कॉपी करताना आकडा ३५ ला चिकटून राहिला तरच हा आपला प्रॉब्लेम. दुसरं लक्षण म्हणजे काल फास्ट होती आज स्लो, किंवा घरी फास्ट आणि स्टुडिओत स्लो. तिसरं लक्षण, हबला लावली की स्लो, थेट लावली की फास्ट. यातलं कुठलं आहे ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

आता हे होतं कशामुळे ते समजून घ्या, मग तपासणी डोक्यात बसते. यूएसबी टूच्या केबलमध्ये चार वायरी असतात, दोन करंटच्या, दोन डेटाच्या. थ्री आलं तेव्हा त्या चार तशाच ठेवल्या आणि बाजूला पाच नवीन पिना दिल्या, फास्ट डेटा त्या नव्या पिनांवरूनच जातो. म्हणजे एकाच केबलमध्ये दोन वेगळे रस्ते आहेत, जुना आणि नवा. ड्राइव्ह लावली की कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह नव्या रस्त्यावर एकमेकांशी बोलून बघतात, जमलं तर थ्री. त्या पाचातली एखादी पिन टेकली नाही, वायर तुटली, मधे धूळ आहे, तर नवा रस्ता बंद, आणि ड्राइव्ह गपचूप जुन्या रस्त्याने चालू होते. बहुतेक वेळा एरर येत नाही, काही नाही. त्यामुळे "चालतेय की" म्हणून कोणी केबलवर संशय घेत नाही. आपल्याला फक्त एवढंच शोधायचंय की नवा रस्ता नक्की कुठे तुटलाय, कॉम्प्युटरच्या पोर्टात, हबमध्ये, केबलमध्ये की ड्राइव्हच्या सॉकेटमध्ये.

आधी खात्री करा, पैसे लागत नाहीत

कॉपीचा स्पीड हा अंदाज झाला, जोडणी कुठल्या स्पीडला झालीय ते मशीनला विचारा. मॅकवर Option की दाबून धरून अॅपल मेनू उघडा, System Information मध्ये USB वर जा, ड्राइव्हच्या नावावर क्लिक करा, खाली `Up to 480 Mb/s` लिहिलंय का `Up to 5 Gb/s` ते बघा. ४८० म्हणजे टू. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघून फसू नका, तिथे ड्राइव्ह `USB Root Hub (USB 3.0)` च्या खाली दिसते म्हणून लोक खूश होतात, पण त्याच रूट हबखाली टूची डिव्हाइसपण दिसतात, तो पुरावा नाही. USB Tree View नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो ड्राइव्ह कुठल्या स्पीडला जोडलीय ते सरळ सांगतो. मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून ठेवलंय खास याच कामाला, तिथे एकच कमांड:

```
lsusb -t
```

स्लो असली तर असं काहीतरी दिसतं:

```
/:  Bus 02.Port 1: Dev 1, Class=root_hub, Driver=xhci_hcd/4p, 5000M
/:  Bus 01.Port 1: Dev 1, Class=root_hub, Driver=xhci_hcd/12p, 480M
    |__ Port 2: Dev 5, If 0, Class=Mass Storage, Driver=usb-storage, 480M
```

वरचा ५००० वाला बस रिकामा आहे, ड्राइव्ह खालच्या ४८० वाल्यावर लटकलीय. मशीनमध्ये थ्री आहे हे पण यातूनच कळलं, नाहीतर ५००० ची ओळच आली नसती. अजून एक गोष्ट, `dmesg` मध्ये `new high-speed USB device` असं दिसलं की लोक म्हणतात हायस्पीड आहे की. नाही हो, हाय-स्पीड हे टूचंच नाव आहे, थ्रीला तिथे `SuperSpeed` लिहून येतं.

इथे ५००० किंवा 5 Gb/s दिसलं आणि तरी कॉपी स्लो आहे, तर केबल-हबच्या मागे लागू नका, डिस्क किंवा फाइलींचा विषय आहे तो, ही पोस्ट त्यासाठी नाही.

एकदा काढून नीट, एका दमात लावा

ऐकायला फालतू वाटेल पण माझ्याकडच्या केसेसमध्ये बऱ्याच इथेच सुटतात. साधा चौकोनी यूएसबीचा प्लग टॉर्चखाली धरून आत बघा, पुढे चार रुंद पट्ट्या दिसतात आणि खूप आत, मागे, पाच बारीक पिना. म्हणजे प्लग आत सरकवताना जुन्या चार पिना आधी टेकतात आणि नव्या पाच अगदी शेवटी. हळूहळू, डुगडुगत प्लग घातला, किंवा दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहिला, तर कॉम्प्युटरला आधी टूची ड्राइव्ह दिसते आणि तो तीच धरून बसतो. लॅपटॉपला कव्हर घातलेलं असतं, प्लगची कड कव्हरला अडते आणि पूर्ण आत जातच नाही, हे पण बघितलंय. तेव्हा ड्राइव्ह इजेक्ट करा, प्लग काढा, पाच सेकंद थांबा, आणि सरळ एका झटक्यात शेवटपर्यंत घाला. झटक्यात म्हणजे जोर लावून नाही, न थांबता. मग परत स्पीड बघा.

ड्राइव्हकडचं टोक पण तसंच काढून लावा. पोर्टेबल हार्ड डिस्कला तो रुंद, दोन भागांचा चपटा प्लग असतो ना, मायक्रो-बी, त्यातला मोठा भाग म्हणजे जुना रस्ता आणि बाजूचा छोटा भाग म्हणजे त्या पाच नव्या पिना. मोठ्या भागात मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी केबल पण बसते आणि ड्राइव्ह चालू होते, फक्त टूच्या स्पीडने. ओरिजनल केबल हरवली म्हणून कोणीतरी चार्जरची लावून ठेवलेली, आणि महिनोन् महिने ड्राइव्ह तशीच वापरलेली, असं मी दोनदा पाहिलंय.

पोर्ट बदला

हब, एक्स्टेंशन सगळं काढा आणि ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा, मग एक-एक पोर्टला लावून बघा. निळ्या रंगावर विसंबू नका, बऱ्याच लॅपटॉपला थ्रीचे पोर्ट काळे असतात, रंग ही सवय आहे, नियम नाही. पोर्टच्या शेजारी एसएस अक्षरं असलेलं चिन्ह किंवा 5, 10 असा आकडा असेल तर तो थ्रीचा. चिन्ह नसेल तर टॉर्च मारा, पोर्टच्या जिभेवर अगदी पुढच्या कडेला पाच बारीक पट्ट्या दिसल्या की थ्री. एकाच लॅपटॉपला एका बाजूला थ्री आणि दुसऱ्या बाजूला टू असणं तर नेहमीचंच, माउससाठी दिलेला असतो तो दुसरा. रास्पबेरी पाय ४ वापरणाऱ्यांनी पण बघा, त्याचे दोन पोर्ट थ्रीचे आणि दोन टूचे आहेत.

एका पोर्टात फास्ट आणि दुसऱ्या थ्रीच्याच पोर्टात स्लो आली तर केबल-ड्राइव्ह सुटल्या, तो पोर्ट गुन्हेगार. कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने फुंका, कापूस, दोरे निघतात. सुई, टाचणी घालू नका, त्या पट्ट्या वाकल्या की मदरबोर्डचं काम निघतं.

टाइप-सी असेल तर एक फार उपयोगी खूण आहे. प्लग उलटा करून लावा. टाइप-सीच्या पोर्टात नव्या रस्त्याच्या पिना दोन्ही बाजूंना असतात आणि प्लग ज्या बाजूने घालाल त्या बाजूच्या वापरल्या जातात. एका बाजूने थ्री आणि उलटं केलं की टू, असं झालं तर बहुतेक पोर्टातली एका बाजूची पिन घाण आहे किंवा तुटलीय. मग तीच केबल दुसऱ्या पोर्टात उलटसुलट करून बघा. तिथे दोन्ही बाजूंनी फास्ट असेल तर दोष पहिल्या पोर्टाचाच. दहा सेकंदांत निकाल.

केबल बदला, आणि ती कुठली बदलायची ते बघा

सगळ्यात जास्त वेळा दोषी केबलच असते. रोज गुंडाळून बॅगेत कोंबतो आपण, आणि फास्ट डेटाच्या त्या वायरी बारीक असतात, प्लगच्या मानेपाशी आतल्या आत तुटतात. बाहेरून केबल ठणठणीत दिसते. नवीन केबल विकत घ्यायच्या आधी ज्याची ड्राइव्ह फास्ट चालतेय त्याची केबल मागून आणा, तपासलेली केबल असल्याशिवाय टेस्टला अर्थ नाही, नाहीतर खराब केबल काढून दुसरी खराब केबल लावता आणि म्हणता ड्राइव्ह गेली.

टाइप-सीवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या. दोन्ही टोकांना टाइप-सी आहे म्हणजे थ्री असलंच पाहिजे असं अजिबात नाही. मोबाइल आणि लॅपटॉपबरोबर येणाऱ्या चार्जिंगच्या टाइप-सी केबलींमध्ये बऱ्याचदा फास्ट डेटाच्या वायरी घातलेल्याच नसतात, फक्त करंट आणि जुन्या दोन डेटा वायरी. ६० वॉट, १०० वॉट लिहिलेलं असतं त्यावर, तो करंटचा आकडा आहे, डेटाचा काही संबंध नाही. घेताना ५ किंवा १० जीबीपीएस असं डेटाचं लिहिलेलं बघून घ्या. शक्यतो अर्धा-एक मीटरची घ्या, लांब केबल आणि त्यात एक्स्टेंशन जोडलं की सिग्नल मरतो आणि परत टूवर येता.

एक जाता जाता सांगतो, ड्राइव्ह लावली की शेजारचा वायरलेस माउस अडखळायला लागला तर केबलचं शील्डिंग कच्चं असू शकतं, थ्रीची गडबड २.४ गिगाहर्ट्झवर जाते आणि माउसचा डोंगल तिथेच बोलत असतो. माउस अडखळतोय म्हणजे ड्राइव्ह बहुतेक थ्रीवरच चाललीय, पण केबल बदलायच्या लायकीची आहे.

हब

यात मी नुकतीच झालेली केस सांगतो. एका फोटोग्राफर मित्राचा फोन, "दादा, १८० जीबीचं लग्न आहे, दीड तास दाखवतंय, संध्याकाळी अल्बमवाल्याला ड्राइव्ह द्यायचीय." आकडा विचारला तर ३६ एमबी. १८० जीबीला ३६ ने भागलं की ५००० सेकंद, म्हणजे ८३ मिनिटं, तंतोतंत टूचा स्पीड. म्हटलं काही कॉपी रद्द करू नको, ती होऊ दे, मग ये घेऊन सगळं. सगळं म्हणजे ड्राइव्ह, केबल आणि हब, हब आणायला तो तयारच नव्हता, म्हणे हब तर नवीन आहे.

ड्राइव्ह तिच्याच केबलने माझ्या लॅपटॉपला थेट लावली, `lsusb -t` मध्ये 5000M. म्हणजे एका फटक्यात ड्राइव्ह आणि तिची केबल दोन्ही सुटल्या. मग त्याचा हब मधे घातला, 480M. हबचा दुसरा पोर्ट, 480M. माझा चांगला पेनड्राइव्ह हबला लावला, तो पण 480M. सगळ्या पोर्टांना तेच होतंय म्हणजे हबचा एखादा पोर्ट नाही, हबपासून लॅपटॉपपर्यंतच्या वाटेतच काहीतरी आहे.

आता इथे माहीत पाहिजे ते असं, की थ्रीचा हब म्हणजे आतून दोन हब असतात, एक टूचा आणि एक थ्रीचा, एकाच डब्यात. म्हणून हब नीट जोडलेला असेल तर यादीत तो दोनदा दिसतो, एकदा ४८० च्या खाली आणि एकदा ५००० च्या खाली, त्याला काही लावलेलं नसलं तरी. मित्राचा हब एकदाच दिसत होता, फक्त ४८० च्या खाली. म्हणजे हब आणि लॅपटॉपच्या मधला नवा रस्ताच बंद. हबची केबल हबाला चिकटलेली नव्हती, सुटी टाइप-सी होती. काढून हातात घेतली तर मऊ, पातळ, पांढरी, सरळ मोबाइल चार्जरची. त्याच्या असिस्टंटने चार्जिंगला हबची केबल नेली आणि चार्जरची हबला लावली, दोघांनाही कल्पना नाही. माझी १० जीबीपीएसवाली केबल लावली, हब दोनदा दिसला, ड्राइव्ह 5000M, कॉपी ११५ एमबीने. तेच १८० जीबी २६ मिनिटांचं काम होतं.

म्हणून हबवर संशय आला की आधी रिकामा हब लावून तो दोनदा दिसतोय का ते बघा. एकदाच दिसला तर हबची लॅपटॉपकडची केबल किंवा तो प्लग. दोनदा दिसतोय पण ड्राइव्ह ४८० च्याच खाली येतेय, तर हबचा तो पोर्ट, दुसऱ्या पोर्टात लावून बघा. आणि हबवरच छोट्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याच मल्टीपोर्ट हबना एक पोर्ट थ्रीचा आणि बाकीचे टूचे असतात, बिघाड नाही तो.

करंटचं पण बघा. पोर्टेबल हार्ड डिस्कला थ्रीच्या पोर्टाकडून ९०० मिलिअँपिअरपर्यंत मिळू शकतात, पण बिनअॅडॉप्टरच्या हबला तेवढेच मिळतात आणि त्यात तो स्वतः, कार्ड रीडर आणि दोन डिस्क एवढी वाटणी करतो. मग डिस्क थ्रीवर येते, सुटते, परत येते, आणि कधी टूवर जाऊन बसते. बाकी सगळं काढून एकच डिस्क ठेवल्यावर ठीक झालं तर हबला त्याचा अॅडॉप्टर लावा, हबमध्ये दोष नाही.

डेस्कटॉपचा पुढचा पोर्ट आणि बायॉस

डेस्कटॉपला मागच्या पोर्टात फास्ट आणि पुढच्या सगळ्या पोर्टांत स्लो असेल तर कॅबिनेटची आतली केबल मदरबोर्डच्या थ्रीच्या रुंद कनेक्टरवर नीट बसलेली नाही, किंवा असेंबल करणाऱ्याने कन्व्हर्टर लावून टूच्या कनेक्टरवर दिलीय. मशीन बंद, वायर काढून, मग हात घाला. तो कनेक्टर वाकडा ओढू नका, पिना वाकतात. सवय नसेल तर मागचा पोर्ट वापरा आणि हे पुढच्या सर्व्हिसिंगला सांगा.

जुन्या मशीनवर, साधारण दहाबारा वर्षांपूर्वीच्या, बायॉसमध्ये xHCI नावाचा पर्याय असतो, तो `Disabled` असेल तर थ्रीचे सगळे पोर्ट टूसारखे वागतात, `Auto` किंवा `Enabled` करा. विंडोज ७ ला थ्रीचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, ८ पासून आतच येतो. हे शेवटी ठेवलंय कारण एका पोर्टात फास्ट आणि दुसऱ्यात स्लो असेल तर ड्रायव्हरशी खेळून सहसा काही होत नाही, उगाच अर्धा दिवस जातो.

इथे थांबा

पोर्ट चांगला, दोन तपासलेल्या केबली लावल्या, हब नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ४८० च दाखवतेय, तर राहिलं ड्राइव्हचं सॉकेट किंवा तिचा बोर्ड. मायक्रो-बीचं सॉकेट बोर्डावर सोल्डर केलेलं असतं, केबलला डिस्क लटकवून उचलली की ते सोल्डर सुटतं आणि बाजूच्या पाच पिना आधी जातात. प्लग बसवल्यावर डुगडुगतोय का बघा. केबल तिरकी दाबून धरली की थ्री येतं म्हणून रबरबँड लावून, कागदाची घडी सारून वापरणारे बघितलेत मी, कृपा करून करू नका, चालू डिस्कचा करंट मधेच तुटला की फाइल सिस्टिम बिघडते.

या वेळी करायचं ते एकच, ड्राइव्ह टूवर चालतेय तोवर सगळा डेटा दुसरीकडे काढून घ्या. १ टीबीला ३५ एमबीने आठ तास लागतात, लागू देत, रात्री लावा, केबलला हात लावू नका. कॉपी पूर्ण झाल्यावर चार-दोन फाइली उघडून बघा, मगच दुरुस्तीचं बोला. बाहेरून केस असलेली, आत वेगळी साटा डिस्क असलेली ड्राइव्ह असेल तर नवीन केस घेऊन भागतं. पण बऱ्याच कंपन्यांच्या छोट्या पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच बोर्डावर असतं, आत साटा नसतोच, आणि काहींमध्ये डेटा त्याच बोर्डावर एन्क्रिप्ट होतो. ती घरी उघडून काही हाती लागत नाही.

टकटक आवाज येतोय, कॉपी होताना ड्राइव्ह गायब होतेय, किंवा प्लग गरम लागतोय, आणि त्या डिस्कवर असा डेटा आहे ज्याची दुसरी कॉपी नाही, तर यातली एकही तपासणी पुढे नेऊ नका. काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या, मोबाइल रिपेअरच्या दुकानात सॉकेट सोल्डर करायला देऊ नका. जाताना केबल पण बरोबर न्या आणि काय काय बदलून बघितलं ते कागदावर लिहून द्या, त्याचा पहिला अर्धा तास वाचतो.